आधी डाग, मग पाणी: दप्तराच्या अस्तरातली शाई, चिखल आणि डब्याची गळती कशी काढायची

दप्तर धुवायचं म्हटलं की बहुतेक घरांत ते रिकामं करून थेट पावडरच्या पाण्यात बुडवलं जातं. बाहेरचं कापड उजळतं, पण आतलं अस्तर आधीपेक्षा वाईट दिसू लागतं. जेल पेनाचा रुपयाएवढा ठिपका तळहाताएवढा पसरतो, हळदीचा डाग लालसर होतो आणि कोपऱ्यातल्या सुक्या मातीचा पुन्हा चिखल होऊन तो शिवणीत जाऊन बसतो. पावडर वाईट नव्हती, क्रम उलटा झाला. अस्तराच्या बाबतीत पाणी सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी जे कोरडं आहे ते कोरडंच काढायचं, मग शाई, मग तेल, आणि हे सगळं उरकलं की बादली भरायची.

हे नीट समजावं म्हणून एकच दप्तर समोर ठेवू. माझी भाची रत्नागिरीजवळ राहते आणि पाचवीत आहे. जुलैतल्या एका शनिवारी तिचं दप्तर घरी आलं तेव्हा तिन्ही प्रकारचे डाग त्यात एकत्र होते. मोठ्या कप्प्यात वाटाण्याच्या उसळीचा रस्सा सांडला होता, पुढच्या छोट्या कप्प्यात निळं पेन फुटलं होतं, आणि तळाशी लाल माती होती, कारण पावसात ती खेळायला गेली तेव्हा दप्तर अंगणातच ठेवलं होतं. पुढची कृती याच दप्तरावरून सांगते.

आधी अस्तर ओळखा

सगळे कप्पे रिकामे करा, सगळ्या चेन पूर्ण उघडा आणि दप्तर वर्तमानपत्रावर उलटं धरून झटका. पेन्सिलीची सालं, खोडरबराचा चुरा, बिस्किटाचे तुकडे, तिकिटं असं बरंच काही पडेल. मग दोन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट अस्तराची. आतलं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढा. ते बाहेरच्या कापडापासून सुटं होऊन वर येत असेल, तर आत वेगळं अस्तर शिवलेलं आहे. ते बहुधा पातळ, चकचकीत पॉलिस्टर असतं. चिमटीत दोन्ही कापडं एकदमच येत असतील, तर वेगळं अस्तर नाहीच. बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी जो प्लास्टिकसारखा लेप दिलेला असतो, तोच तुम्हाला दिसतो आहे. हा फरक पुढे पदोपदी लागतो. सुट्या अस्तरातून ओल पलीकडे झिरपते आणि दोन कापडांच्या मधे अडकते. लेपावर डाग वरवर राहतो, म्हणून लवकर निघतो, पण तो लेप कडक ब्रशने आणि जहाल द्रवांनी सोलला जातो.

दुसरी गोष्ट तळाची. तळ दाबून बघा. आत पुठ्ठा किंवा प्लास्टिकची पट्टी असते. ती एखाद्या फटीतून सरकवून काढता येत असेल तर काढून ठेवा. रस्सा सांडला असेल तर तो या पट्टीखाली गेलेलाच असतो, आणि दप्तर धुतल्यावरही येणारा वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. पट्टी आतच शिवलेली असेल आणि दाबल्यावर पुठ्ठ्यासारखी वाटत असेल, तर ते दप्तर बादलीत बुडवायचं नाही. पुठ्ठा भिजला की फुगतो, वाकतो आणि वाळायला दिवस लागतात. अशा दप्तराचं आतलं काम ओल्या फडक्याने करायचं.

भाचीच्या दप्तराला मोठ्या कप्प्यात सुटं राखाडी अस्तर होतं, पुढच्या कप्प्यात नुसता लेप होता, आणि तळाला प्लास्टिकची पट्टी होती. ती ओढली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला तेलाचा पिवळा थर होता.

माती: वाळू द्या

ओली माती दिसली की हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो. तो आवरा. ओली माती पुसली की तिचे बारीक कण धाग्यांच्या विणीत दाबले जातात आणि शिवणीच्या कडेला जमतात. तिला पूर्ण वाळू द्या, पावसाळा असेल तर पंख्याखाली ठेवा. वाळली की दप्तर उलटं करून तळावर हाताने थापट्या मारा, मग दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने कोपरे कोरडेच घासा. कोपऱ्यात आतल्या शिवणीवर जी पट्टी शिवलेली असते, तिच्या दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवा. माती सगळ्यात जास्त तिथे दडलेली असते. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं अरुंद तोंड इथे फार कामाला येतं.

माती कुठली, यावर पुढचं अवलंबून आहे. देशावरची काळी माती ओली असताना चिकट असते, पण वाळली की तिला भेगा पडतात आणि खपल्या निघतात. कोरड्या ब्रशनेच तिचा मोठा भाग जातो. कोकणातली आणि गोव्यातली जांभ्याची लाल माती वेगळी. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या जातीचा असतो, त्यामुळे माती निघून गेल्यावरही फिकट नारिंगी छटा मागे राहते. ही छटा घालवायला ब्लीच वापरू नका. ब्लीचने गंजाचा रंग जात नाही, कापडाचा मात्र जातो. त्यासाठी थोडं आम्ल लागतं: कपभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, फडकं त्यात भिजवून डागावर पंधरा मिनिटं ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. हे मात्र शेवटच्या धुण्याच्या वेळी करायचं. आत्ता, कोरड्या टप्प्यात, फक्त ब्रश.

पेन्सिलीच्या शिशाचे काळे ओरखडेही याच टप्प्यात घालवा. स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने ते बरेच फिके होतात. ओल्या हाताने पुसले तर मात्र करडा पट्टा उमटतो.

शाई: आधी तिची जात ठरवा

शाईच्या डागावर प्रत्येकाकडे एक घरगुती उपाय असतो: दूध, टूथपेस्ट, मीठ, हेअर स्प्रे. एखादा उपाय एका घरात चालतो आणि शेजारी चालत नाही, याचं कारण असं की शाया निरनिराळ्या असतात. बॉलपेनची शाई तेलकट, घट्ट असते. ती पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. फाउंटन पेनची निळी शाई आणि स्केच पेनचा रंग पाण्यात विरघळतो. जेल पेनची शाईही पाण्यावर आधारलेलीच असते, पण काही जेल पेनांत न विरघळणाऱ्या रंगाचे बारीक कण असतात. ते एकदा धाग्यात वाळून बसले की पाण्याने जात नाहीत आणि स्पिरिटनेही नाहीत. पक्का मार्कर अल्कोहोलने फिका होतो, पण पुरता क्वचितच जातो.

फुटलेलं पेन हातात असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर डागालाच विचारावं लागतं. पांढऱ्या सुती फडक्याचं टोक साध्या पाण्याने ओलं करून डागाच्या कडेवर दहा सेकंद दाबून धरा. घासू नका. फडक्याला रंग लागला तर शाई पाण्याची आहे. फडकं कोरंच राहिलं तर दुसरं टोक स्पिरिटमध्ये भिजवून तसंच दाबा. आता रंग लागला तर बॉलपेन किंवा मार्कर. दोन्ही वेळा काहीच लागलं नाही, तर ती कणांची, वाळलेली शाई आहे, आणि तिच्यावर फार कष्ट करण्यात अर्थ नाही.

मेडिकलच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट यासाठी चांगलं. ते नसेल तर अल्कोहोलचं हँड सॅनिटायझर चालतं, फक्त ते बिनरंगी असावं. अस्तरासाठी मला जेलसारखं सॅनिटायझर पातळ स्पिरिटपेक्षा बरं वाटतं, कारण ते लावलं तिथेच राहतं, पसरत नाही आणि पलीकडच्या कापडात चटकन झिरपत नाही. नंतर त्याचा चिकटपणा धुवून काढावा लागतो, एवढंच. दोन्ही पेट घेतात. म्हणून हे काम गॅसपासून आणि देवाच्या दिव्यापासून दूर, खिडकी उघडी ठेवून करा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. लावण्याआधी दप्तराच्या आत न दिसणाऱ्या जागी एक थेंब लावून मिनिटभर थांबा. कापडाचा रंग फडक्याला लागला किंवा लेप चिकट झाला, तर तिथे स्पिरिट वापरता येणार नाही.

कृती अशी. अस्तर सुटं असेल तर डागाचा भाग तंबूसारखा वर ओढून धरा आणि खालच्या बाहेरच्या कापडापासून दूर ठेवा. शाईचा घट्ट गोळा असेल तर आधी आइस्क्रीमच्या काडीने अलगद उचलून घ्या. मग कापसाचा बोळा स्पिरिटने ओला करा, थेंब गळेल इतका नाही. डागाच्या बाहेरच्या कडेपासून आत मध्याकडे टिपत या. प्रत्येक टिपणीनंतर लगेच कोरड्या पांढऱ्या फडक्याने त्याच जागी दाबा म्हणजे सुटलेली शाई फडक्यात येईल. बोळ्याची बाजू बदलत राहा, नाहीतर काढलेली शाई तुम्ही परत लावाल. फडक्यावर येणारा निळा रंग फिका होत होत थांबला की तुम्हीही थांबा. त्यानंतर उरलेली छाया आणखी स्पिरिटने जात नाही, नुसती पसरते.

शाई पाण्याची असेल तर हेच सगळं थंड पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विडच्या थेंबाने करायचं. टिपण्याची पद्धत तीच.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर आणि पेट्रोल यांना मात्र हात लावू नका. शाई त्यांनी सुटत असेलही, पण आतला लेप आणि बाहेरची छापील चित्रं त्यांनी विरघळू शकतात, आणि पेट्रोलचा धोका तर वेगळा सांगायला नको.

भाचीच्या पुढच्या कप्प्यात ओलं फडकं कोरं राहिलं आणि स्पिरिटचं निळं झालं, म्हणजे बॉलपेन. तिथे लेप असल्यामुळे डाग पलीकडे गेला नव्हता. जेल सॅनिटायझरने तो बराचसा निघाला. चेनच्या शिवणीत दोऱ्यांनी शोषलेली निळी रेघ मात्र राहिली. दोऱ्यातली शाई अशीच राहते. ती काढण्यासाठी घासत बसलं तर दोरा तुटतो आणि चेन उसवते.

डब्याची गळती: यातच तीन डाग असतात

रस्सा हा एकच डाग वाटतो, पण त्यात तेल, हळद आणि अन्नाचा भाग असं तिहेरी मिश्रण असतं, आणि प्रत्येकाला वेगळं काही लागतं. घाईत एकाच साबणाने तिघांना गाठायला जाऊ नका.

आधी अन्न उचला. चमच्याच्या कडेने शितं, वाटाणे, मसाला खरवडून घ्या. मग टिश्यू किंवा जुन्या सुती फडक्याने दाबून दाबून तेल टिपा. छापील वर्तमानपत्र इथे नको, त्याची शाई ओल्या अस्तराला लागते. तेल ताजं असेल तर त्यावर टाल्कम पावडर सढळ हाताने पसरा आणि अर्धा तास ठेवा. पावडर तेल ओढून घेते आणि गोळे होते, ते ब्रशने झटकून टाका. यासाठी बेसन किंवा मैदाही सुचवला जातो, पण शिवणीत राहिलेलं पीठ नंतर पाण्याने चिकट होतं आणि पावसाळ्यात त्यालाच वास येऊ लागतो. मी पीठ वापरत नाही.

आता तेल. कोरड्या डागावरच, पाणी न लावता, भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाका आणि बोटाने पसरवा. पाणी आधी लागलं तर कापडात पाणी भरलेलं असतं आणि लिक्विडला तेलापर्यंत पोचायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवून मऊ ब्रशने गोल गोल, हलक्या हाताने घासा. मग ओल्या फडक्याने तो फेस पुसून घ्या, फडकं पिळा, पुन्हा पुसा. तेल गेलं की नाही हे बोटाला कळतं. अस्तर बुळबुळीत लागत असेल तर आणखी एक फेरी करा. डब्यात दही, ताक किंवा अंडं असेल तर मात्र हे करण्याआधी ती जागा थंड पाण्याने पुसून घ्या. गरम पाणी लागलं की त्यातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात.

तेल निघालं की खाली पिवळा डाग उरतो. ती हळद. तिचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नुसत्या धुण्याने जात नाही. कपड्यांची पावडर किंवा साबणाची वडी लावली तर तो डाग डोळ्यांदेखत तांबूस होतो. शाळेत हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून आम्लारी ओळखायला शिकवतात, तेच इथे घडतं. घाबरू नका, डाग पक्का झालेला नाही. पाण्यात लिंबू पिळून पुसलं की तो पुन्हा पिवळा होतो. लिंबाने रंग फक्त परततो, हळद जात नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

हळद दोन गोष्टींना शरण येते: अल्कोहोलला आणि उन्हाला. शाईसाठी वापरलेलं स्पिरिट इथेही तसंच टिपा, फडक्यावर पिवळा रंग उतरताना दिसेल. उरलेल्याचं काम उन्हावर सोडा. अस्तर बाहेर ओढून डागाची बाजू उन्हाकडे करा. स्वच्छ ऊन असेल तर दोन-तीन तासांत फरक दिसतो, जुन्या डागाला दोन दिवसही लागतात. नायलॉनच्या अस्तरात हळद पॉलिस्टरपेक्षा खोल मुरते आणि थोडी पिवळी झाक कायम राहू शकते. त्या झाकेला वास नसतो आणि ती वह्यांना लागत नाही. ती राहिली तर राहू द्यावी असं माझं मत आहे. ती घालवण्यासाठी जोर लावला तर अस्तर विरतं.

भाचीच्या दप्तरात हळद पहिल्या दिवशी पुरती गेली नाही, कारण ऊनच नव्हतं. पुढच्या आठवड्यात थोडी उघडीप मिळाली तेव्हा अस्तर बाहेर काढून गॅलरीत ठेवलं आणि पिवळेपणा जवळजवळ नाहीसा झाला. हळदीसाठी अशी वाट बघायला हरकत नाही. तेलासाठी नाही. तेल राहिलं तर ते हवेने खवट होतं आणि त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

आता पाणी

डाग निघाल्यावर सगळं दप्तर धुवायचंच असं नाही. भर पावसाळ्यात, वास नसेल तर, आतून दोन-तीनदा स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवणं पुरे. पूर्ण धुणं दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत करावं, तेव्हा वाळायला वेळही असतो आणि ऊनही. रस्सा मोठ्या प्रमाणावर सांडला असेल, सुट्या अस्तरापलीकडे गेला असेल, तर मात्र थांबता येत नाही. भाचीचं दप्तर त्याच दिवशी धुतलं आणि सोमवारी तिने कापडी पिशवीतून वह्या नेल्या.

वॉशिंग मशीनमध्ये टाकावं का, हे हमखास विचारलं जातं. माझं उत्तर नाही असं आहे. पाणी न झिरपणारं कापड मशीन पिळताना पाणी आत धरून ठेवतं, वजन एका बाजूला जातं आणि ड्रम जोरात हादरतो. मशीनच्या माहितीपुस्तिकांत अशा कापडाबद्दल इशारा असतो तो याचसाठी. शिवाय बक्कल फुटतात आणि आतला लेप चुरगळून सोलतो.

बादलीत किंवा टबमध्ये सुमारे दहा लिटर कोमट पाणी घ्या, हाताला सुखद वाटेल इतपतच कोमट. त्यात मोठा चमचाभर सौम्य लिक्विड डिटर्जंट टाका. पावडर नको, तिचे न विरघळलेले कण फोममध्ये आणि शिवणीत राहतात. दप्तर उलटं करता येईल तितकं उलटं करा, म्हणजे अस्तर बाहेर येईल. वीस मिनिटांपेक्षा जास्त भिजत ठेवू नका. रात्रभर भिजवलं तर रंग सुटतो, लेप मऊ पडतो आणि रनर गंजतो. या वेळात मऊ ब्रशने अस्तराचे कोपरे, आतल्या शिवणीची पट्टी आणि खांद्याच्या पट्ट्यांची घामट बाजू घासा. तळाची पट्टी वेगळी, भांड्यांच्या लिक्विडने धुवा.

खळबळताना कंटाळा करू नका. पाठीच्या आणि पट्ट्यांच्या फोममध्ये साबण भरून राहतो. पट्टे मुठीत धरून दाबा. फेस येत असेल तर पाणी बदला आणि पुन्हा दाबा. फोममध्ये साबण राहिला तर पहिल्याच पावसात मुलाच्या शर्टाच्या खांद्यावर फेस येतो आणि तिथे धूळही लवकर धरते. लाल मातीची छटा उरली असेल तर लिंबूसत्त्वाचं फडकं आता ठेवा आणि शेवटच्या पाण्याने पुन्हा खळबळा.

पिळू नका. पीळ दिला की फोम दुमडतो आणि तशीच घडी पडून वाळतो. दप्तर उभं धरून पाणी निथळू द्या, मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा.

वाळवणं

बरेचदा धुणं चांगलं होतं आणि दप्तर वाळवताना बिघडतं. ते पट्ट्यांनी टांगलं तर सगळं पाणी तळाच्या शिवणीत साठतं. ते उलटं टांगा, तोंड खाली आणि सगळ्या चेन उघड्या. तळाच्या दोन कोपऱ्यांना चिमटे लावा किंवा खुर्चीच्या पाठीवर उलटं घाला. अस्तर बाहेर ओढलेलं राहू द्या. बाहेरचा रंग आणि लेप तापू नयेत म्हणून दप्तर सावलीत ठेवा आणि हळदीच्या अस्तराला तेवढं ऊन दाखवा. पावसाळ्यात पंख्याची हवा दप्तराच्या तोंडात जाईल असं ठेवा आणि दर काही तासांनी बाजू बदला. हेअर ड्रायरची गरम हवा किंवा इस्त्री नको, पातळ पॉलिस्टर तापून आक्रसतं.

वरून कोरडं लागलं म्हणून फसू नका. पाठीचा फोम आणि पट्टे सगळ्यात उशिरा वाळतात. पाठीच्या बाजूला गाल लावून बघा. थंड लागलं तर आत ओल आहे. कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने जोरात दाबा, तो दमट झाला तरी ओल आहे. अशा ओलसर दप्तरात पुस्तकं भरली तर दोन दिवसांत कुबट वास येतो आणि अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके पडू लागतात.

दप्तर पूर्ण वाळूनही वास राहिला असेल, तर आत खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर चेन लावून ठेवा आणि सकाळी झटकून टाका. तरीही वास असेल तर एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी घेऊन त्याने अस्तर पुसा आणि पुन्हा वाळवा. दोन्ही एकदम मिसळू नका, फेस छान येतो पण दोघांचा गुण जातो. आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व कधीही ब्लीचच्या जवळ आणू नका, त्यातून विषारी वायू निघतो. एवढं करूनही वास येतच असेल, तर तो बहुधा शिवलेल्या तळाच्या आतून येतो आहे. दप्तरांच्या चेन बदलून देणाऱ्या कारागिराकडे द्या. तो तळाची शिवण उसवून पुठ्ठा बदलून देतो, हवं तर तेवढा अस्तराचा तुकडाही नवीन लावतो.

अस्तराला हात लावला की पांढरी भुकटी किंवा पापुद्रे सुटत असतील, किंवा ते चिकट लागत असेल, तर तो डाग नाही. लेप जुना होऊन उखडतो आहे. धुण्याने ते थांबत नाही, वाढतं. अशा दप्तराला कोरड्या ब्रशने सुटे पापुद्रे काढून आत नवीन अस्तर शिवून घेणं हाच उपाय.

चेन पूर्ण वाळल्यावर दातांवर मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंनी घासा आणि रनर चार-पाच वेळा मागेपुढे करा. पेन्सिल घासायची पद्धत आहे, पण तिचं शिसं पुन्हा अस्तराला आणि बोटांना लागतं.

दप्तर भरण्याआधी डबा तपासा, कारण गळणारा डबा तसाच गेला तर हे सगळं पुढच्या शनिवारी पुन्हा करावं लागेल. झाकणातली रबरी रिंग काढून तिची खाच धुवा. तिथे अन्नाचा बारीक कण अडकला तरी झाकण नीट बसत नाही. रिंग कडक झाली असेल किंवा तिला चीर असेल तर ती बदला. मग डब्यात पाणी भरा, झाकण लावा आणि कोरड्या टिश्यूवर दहा मिनिटं उलटा ठेवा, नंतर दहा मिनिटं आडवा. दप्तरात डबा बहुतेक आडवाच पडलेला असतो, म्हणून ही दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. टिश्यू ओला झाला तर त्या डब्यातून पोळी-भाजी द्या, रस्सा नको. भाचीचा डबा आडवा ठेवल्यावर गळला. रिंग बदलल्यावर गळायचा थांबला.